वसवा : बांधावरच्या सात झाडांचा हिशेब

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की शेतात झाडं लावावीत की नाही, एका वाक्यात सांग. एका वाक्यात सांगता येत नाही म्हणून हा अख्खा भाग. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी आहे तसं.

मी दिंद्रुडचा. तालुका माजलगाव, जिल्हा बीड. बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमधे काम करतो, आणि दिवाळीला, संक्रांतीला, शिमग्याला गावी जातो. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला गेलो तर घरात वातावरण गरम. आमच्या आणि तात्यांच्या रानाच्या मधल्या बांधावर सात झाडं आहेत, चार कडुलिंब आणि तीन बाभळी. आजोबांनी राखलेली. तात्या म्हणजे आमचे भावकीतलेच, वडिलांपेक्षा वयानं मोठे. ते ओट्यावर येऊन आप्पांना म्हणाले, "तुमच्या झाडानं माझी ज्वारी खाल्ली. एक तर झाडं पाडा, नाहीतर माझं नुकसान भरून द्या." आप्पांचं म्हणणं, झाड तुमच्या-आमच्या दोघांच्या बांधावर, सावली दोघांवर, मग तुम्हालाच कसं नुकसान?

त्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस गावात फिरत होता. झाडं लावा, कार्बनचे पैसे मिळतील, रोपं आम्ही देतो, फक्त कागदावर सही करा. म्हणजे एकीकडं झाडं पाडायची भाषा आणि दुसरीकडं झाडं लावायची. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "तू इंजिनियर आहेस ना, मग सांग."

मला शेतीतलं फार कळतं असं नाही. पण मोजता येतं. म्हणून मोजायचं ठरवलं.

आमच्याकडं झाडाजवळ पीक मारलं जातं त्याला वसवा म्हणतात. "तिथं वसवा पडतो" म्हटलं की विषय संपला. पण हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टी झाकतो. एक वरून पडणारी सावली. दुसरी खालून चालणारी मुळांची ओढाताण. दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, त्यामुळं कोणती किती, हे आधी कळायला पाहिजे.

आमचा बांध पूर्व-पश्चिम आहे. तात्यांचं रान उत्तरेला, आमचं दक्षिणेला. ही एक गोष्ट कळली आणि निम्मं भांडण तिथंच सुटलं.

कसं ते सांगतो. दिंद्रुड साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पावसाळ्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. २१ जूनला तर तो किंचित उत्तरेला झुकलेला असतो. आमची झाडं सरासरी ९ मीटर उंच आहेत. (उंची मोजायला झाडावर चढायची गरज नाही. एक मीटरची काठी उन्हात उभी करा, तिची सावली मोजा, लगेच झाडाची सावली मोजा, प्रमाण लावा.) जूनमधे दुपारी या झाडाची सावली जेमतेम पाऊण मीटर पडते, तीही दक्षिणेला. १५ ऑगस्टच्या आसपास तेवढीच, पण उत्तरेला. म्हणजे झाडाच्या बुडाशीच. २२ सप्टेंबरला सूर्य ७१ अंशांवर येतो आणि सावली उत्तरेला ३ मीटर जाते. आणि २१ डिसेंबरला? दुपारी बारालासुद्धा सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही. ९ मीटरच्या झाडाची सावली सव्वाआठ मीटर लांब पडते, सगळी उत्तरेला. सकाळ-संध्याकाळ याहून लांब, वायव्येला आणि ईशान्येला.

आता रब्बी ज्वारीचं वेळापत्रक बघा. दोन्ही रानांत मालदांडी ३५-१ होती, पेरणी सप्टेंबरअखेर, एकाच आठवड्यातली. ही ज्वारी डिसेंबरच्या सुरुवातीला फुलोऱ्यात येते आणि पुढचे तीस-चाळीस दिवस दाणा भरते. म्हणजे तिला ऊन सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच झाडाची सावली वर्षातली सगळ्यात लांब असते, आणि ती फक्त तात्यांच्या रानात पडते. कडुलिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमधली, तेव्हा ज्वारी काढायला आलेली असते. बाभळीवर तर थंडीभर पाला असतोच. त्यातून ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही पिकं भरपूर उन्हाची. ऊन जेवढं जास्त तेवढं ती वापरतात, त्यामुळं सावलीत त्यांचं नुकसान लगेच दिसतं.

तर तात्या खोटं बोलत नव्हते. आप्पाही खोटं बोलत नव्हते, कारण आमच्या बाजूला रब्बीत सावली पडतच नाही.

बांध उत्तर-दक्षिण असता तर चित्र वेगळं असतं. सकाळची सावली पश्चिमेच्या रानात, दुपारनंतरची पूर्वेच्या. दोघांना अर्धी अर्धी, आणि ती एका जागी मुक्काम न करता सरकत राहते. उलट फक्त खरीप घेणाऱ्याला पूर्व-पश्चिम ओळ बरी, कारण पावसाळ्यात सूर्य ओळीच्या वरूनच पूर्वेकडून पश्चिमेकडं जातो आणि सावली बहुतेक ओळीतल्या ओळीतच राहते. 'झाडांच्या ओळी कोणत्या दिशेनं लावू' याला एकच उत्तर देणारे व्हिडिओ मी बरेच पाहिले. तुम्ही पीक कोणत्या हंगामात घेता हे त्यात कुणी विचारत नाही.

पण आमच्या बाजूला सावली नव्हती तरी बांधालगतची ज्वारी खुजी होतीच. ती मुळांची करामत.

इथं एक गैरसमज मलाही होता. झाडाची मुळं खोल जातात, पिकाची वर असतात, म्हणजे दोघं वेगवेगळ्या मजल्यावर राहतात आणि भांडण होत नाही. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात सोटमूळ सरळ खाली जाताना दाखवतात, त्यामुळं तसं वाटत असावं. खरं म्हणजे झाडाची पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या एक-दोन फुटांतच असतात, कारण पाऊस तिथंच मुरतो, शेणखत तिथंच पडतं आणि हवाही तिथंच असते. पिकाची मुळंही तिथंच. आणि झाडाची मुळं फांद्यांच्या घेराबाहेर बरीच लांब जातात.

त्यात जमीन कशी आहे यावर फार फरक पडतो. काळी खोल जमीन असेल तर काही मुळं खाली उतरतात, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की वरची बरीच बारीक मुळं तुटतात. पण दीड फुटावर मुरूम लागत असेल तर कोणत्याही झाडाला खाली जायला जागाच नसते, मग ते आडवंच पसरतं. 'अमुक झाड सोटमुळाचं आहे, पिकाला त्रास देत नाही' हे वाक्य मुरमाड रानात खरं ठरत नाही. तात्यांचं रान आमच्यापेक्षा जरा हलकं आहे. त्यामुळं त्यांना सावली जास्त आणि मुळांचाही ताण जास्त, असा दुहेरी फटका होता.

पिकाकडं बघून सावली की मुळं हे ओळखता येतं. सावलीतलं ताट उंच, बारीक, फिकं असतं, उजेडाकडं झुकतं, कणीस हलकं भरतं. मुळांच्या ओढीतलं ताट आखूड राहतं. सकाळी ठीक दिसतं, दुपारी पानं गुंडाळतं, आणि खालची पानं आधी वाळतात. शेवटचा पाऊस होऊन तीन-चार आठवडे झाले की हा फरक स्पष्ट दिसतो. खात्री करायची असेल तर एक फूट खाली माती काढून मुठीत दाबा. बांधाजवळच्या मातीचा गोळा होत नाही आणि वीस मीटरवरच्या मातीचा होतो, तर पाणी झाड पितंय. अजून एक परीक्षा म्हणजे बांधालगत एका छोट्या वाफ्याला घागरीनं दोनदा पाणी द्यायचं. तेवढं पीक सुधारलं तर दोष मुळांचा, पाणी देऊनही तसंच राहिलं तर सावलीचा.

आता मोजणी. फेब्रुवारीत काढणीच्या वेळी सुट्टी काढून गेलो. झाडांच्या ओळीपासून दोन्ही बाजूंना ३, ६, ९, १२ आणि २० मीटरवर खुंट्या ठोकल्या. प्रत्येक ठिकाणी एक मीटर लांबीच्या ओळीतली कणसं कापली, वाळवली, वजन केलं. हे सात ठिकाणी केलं आणि सरासरी काढली. आई म्हणाली, "भाकरीला लागंल तेवढी तरी ठेव." वीस मीटरवर झाडाचा परिणाम नाही असं धरून तिथलं वजन १०० मानलं. दोन्ही रानांची जमीन वेगळी असल्यामुळं प्रत्येकाची तुलना त्याच्याच वीस मीटरशी केली, एकमेकांशी नाही.

तात्यांच्या बाजूला ३ मीटरवर ३५ निघाले, ६ मीटरवर ६०, ९ मीटरवर ८५, आणि १२ मीटरवर जवळजवळ पूर्ण. आमच्या बाजूला ३ मीटरवर ५५, ६ मीटरवर ८५, आणि ९ मीटरवर पूर्ण. आमच्या बाजूचं नुकसान जवळपास सगळं मुळांचं. तात्यांकडं त्यावर जे जास्त आहे त्यात मोठा वाटा सावलीचा, थोडा हलक्या जमिनीचा.

हे आकडे शेतकऱ्याच्या भाषेत आणायचे तर असं करा. तात्यांकडं पहिल्या साडेचार मीटरच्या पट्ट्यात ६५ टक्के तूट, पुढच्या तीन मीटरमधे ४० टक्के, त्यापुढच्या तीनमधे १५ टक्के. बेरीज केली तर साधारण साडेचार मीटर रुंदीचा पट्टा पूर्ण वाया गेल्यासारखं झालं. झाडांची ओळ ६० मीटर लांब. म्हणजे २७० चौरस मीटर, २.७ गुंठे. आमच्याकडं कोरडवाहू ज्वारी एकरी सहा क्विंटल धरली तर गुंठ्याला १५ किलो. तात्यांचं नुकसान साधारण ४० किलो ज्वारी आणि त्यावरचा कडबा. आमचं त्याच हिशेबानं दीड गुंठा, २२ किलो.

कागद घेऊन तात्यांकडं गेलो. त्यांना वाटत होतं दोन क्विंटल तरी गेली असेल. आप्पांना वाटत होतं काहीच गेलं नाही. ४० किलो ऐकून दोघंही गप्प बसले, मग तात्या म्हणाले, "बरं, पण चाळीस किलो तरी कुणी फुकट देतं का?" बरोबर आहे त्यांचं.

मग दोन कामं केली.

पहिलं, फांद्या छाटल्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर. खालच्या फांद्या काढत वर गेलो आणि उंचीच्या वरच्या अर्ध्या भागाला हात लावला नाही. याहून जास्त छाटलं तर झाड मागं पडतं, आणि शेंडा छाटला तर फुटव्यांचं झुडूप होऊन सावली उलट दाट होते. फांदी खोडालगत कापायची, खुंट ठेवायचा नाही, आणि जाड फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून कापायची, म्हणजे तुटताना साल सोलून निघत नाही. छाटल्यानं सावलीची लांबी कमी होत नाही हे लक्षात ठेवा, शेंडा तिथंच आहे. पण बांधाजवळच्या सात-आठ ओळींना फांद्यांखालून तिरपं ऊन मिळायला लागतं. सगळा पाला तात्यांच्या शेळ्यांना गेला. बाभळीचे काटे वेचायचं काम मात्र माझ्याकडं आलं, आणि तरी ट्रॅक्टरचं एक टायर पंक्चर झालंच.

दुसरं, चर खोदला. तात्यांच्या बाजूला, खोडापासून २ मीटरवर, बांधाला समांतर, अडीच फूट खोल आणि एक फूट रुंद. अंगठ्याएवढी जाड मुळं आडवी निघाली, आणि बारीक मुळांची तर वरच्या दीड फुटात चटईच. मुळं तोडून चर परत बुजवला. इथं दोन धोके आहेत. चर खोडाच्या फार जवळ घेतला तर झाडाला आधार देणारी मुळं तुटतात. आमची झाडं फूटभर व्यासाची आहेत, म्हणून दोन मीटर सोडले. आणि दोन्ही बाजूंनी एकाच वर्षी चर कधीच घ्यायचा नाही, वळवाच्या वादळात झाड आडवं होईल. म्हणून आमच्या बाजूला आम्ही मुळं तशीच ठेवली. तोडलेली मुळं एक-दोन पावसाळ्यांत परत येतात, त्यामुळं हे एकदाच करून मोकळं व्हायचं काम नाही.

पुढच्या फेब्रुवारीत परत मोजलं. तात्यांच्या बाजूला ३ मीटरवर ४५, ६ मीटरवर ८०, ९ मीटरवर ९५. म्हणजे ४० किलोंचं नुकसान २८-२९ किलोंवर आलं. अगदी बुडाजवळ फारसा फरक पडला नाही, तिथं सावली आणि मुळं दोन्ही उरतातच. तो पट्टा आता तात्यांनी ज्वारीतून काढून टाकलाय, तिथं चाऱ्याचं गवत लावलं. उरलेल्या नुकसानाबद्दल तीन बाभळींपैकी दोन, ज्या एकमेकींना चिकटून होत्या, त्यातली एक काढायची आणि लाकडाचे पैसे तात्यांनी घ्यायचे असं ठरलं. बाकी सहा राहिली.

आता कार्बनवाला. त्याच्या कागदावर 'प्रति झाड कार्बन उत्पन्न' असा रकाना होता आणि आकडा पेनानं भरलेला. हे मला मोजता येण्यासारखं होतं.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला कार्बन लाकडात ठेवतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन असतो. कार्बनला ४४ भागिले १२ नं गुणलं की तेवढ्यासाठी किती कार्बन डायऑक्साइड हवेतून काढला ते मिळतं. प्रश्न उरतो उभ्या झाडाचं वजन कसं काढायचं. त्यासाठी २०१४ साली जेरोम शाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण प्रदेशातली तोडून मोजलेली चार हजारांहून जास्त झाडं वापरून एक सूत्र दिलं. त्याला तीनच गोष्टी लागतात, छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास, झाडाची उंची आणि लाकडाची घनता. फोनवर चालेल एवढा कोड आहे:

```python
girth_cm = 94   # 1.3 m उंचीवर खोडाचा घेर
h = 9           # उंची, मीटर
rho = 0.7       # लाकडाची घनता
d = girth_cm / 3.1416
agb = 0.0673 * (rho * d**2 * h) ** 0.976
co2 = agb * 1.25 * 0.47 * 44 / 12
print(agb, co2)
```

१.२५ नं गुणलंय ते मुळांचं वजन धरायला, जमिनीवरच्या वजनाच्या साधारण पाव. आमच्या मधल्या कडुलिंबाचा घेर ९४ सेंटिमीटर. उत्तर आलं, जमिनीवरचं लाकूड ३१० किलोच्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइड साधारण ६६५ किलो. झाडाचं वय वीस वर्षं धरलं तर वर्षाला ३३ किलो. पेट्रोल जाळलं की लिटरमागं सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका कडुलिंबाची वर्षाची कमाई माझ्या बाईकच्या एका टाकीत संपते. हे बघून मी थोडा वेळ त्या बाईककडं वेगळ्या नजरेनं बघितलं, खरं सांगतो.

आणि हाही आकडा जरा फुगलेलाच. सूत्र न छाटलेल्या झाडांवरून बनलंय, आमची झाडं शेळ्यांसाठी वर्षानुवर्षं छाटलेली.

समजा टनाला हजार रुपये मिळाले. दर वर-खाली होतो, हिशेबासाठी धरू. तर सात झाडांचे वीस वर्षांत चार-साडेचार हजार रुपये. वर्षाला सव्वादोनशे. तात्यांच्या ४० किलो ज्वारीसमोर हे काहीच नाही. शिवाय आधीपासून उभ्या असलेल्या झाडांना सहसा पैसे मिळतच नाहीत, कारण योजनेमुळं जास्तीचा कार्बन साठला असेल तरच तो मोजला जातो. नवीन रोप लावलं तर पहिली चार-पाच वर्षं त्याचं वजनच नगण्य असतं. सूत्रात व्यासाचा वर्ग आहे, म्हणजे झाड जाड व्हायला लागलं की मग आकडा पळतो. पुढं मोजणी, तपासणी आणि मधल्या लोकांचा वाटा यातून वजा होतो.

म्हणून कागद आला तर मी चार गोष्टी बघतो. पैसे रोप लावल्यावर की मोजणीनंतर? झाड किती वर्षं तोडायचं नाही? ते वाळलं किंवा मला तोडावं लागलं तर भरपाई कुणी द्यायची? आणि रान विकलं किंवा वाटणी झाली तर करार कुणाच्या गळ्यात? आमच्याकडं आलेल्या कागदात झाड तीस वर्षं ठेवायचं होतं आणि बाकी तिन्ही प्रश्नांची उत्तरं नव्हती. आप्पांनी सही केली नाही. कार्बनसाठी म्हणून आपल्यासारख्या तीन-चार एकरवाल्यानं झाड लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फळ, चारा, लाकूड यासाठी लावावं. कार्बन साठतोच, त्याचे मिळाले तर मिळाले.

मग कोणतं झाड? इथं लोक थेट नावं विचारतात. मी आधी विचारतो की त्या जागी खड्डा खणल्यावर मुरूम किती खाली लागतो, बांधाच्या उत्तरेला कोणाचं आणि कोणत्या हंगामातलं पीक आहे, आणि झाड मोठं झाल्यावर ते तोडायला परवानगी लागते का.

शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. महाराष्ट्रात झाडं तोडण्यावर नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, अंजन, खैर, चंदन अशी झाडं आहेत. स्वतःच्या रानातलं असलं तरी तोडायला परवानगी घ्यावी लागते. कडुलिंब, बाभूळ, सुबाभूळ, नीलगिरी त्या यादीत नाहीत. तरी कुऱ्हाड लावायच्या आधी तालुक्याला विचारून घेतलेलं बरं. देशानं २०१४ मधे कृषिवानिकीचं राष्ट्रीय धोरण आणलं, असं धोरण आणणारा भारत पहिला देश, आणि तोड-वाहतुकीचे नियम सोपे करणं हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. पण गावातल्या माणसाला अजूनही भीती हीच असते, की लावलं तर तोडता येणार नाही. त्यामुळं तो बांधावर उगवलेलं रोप लहान असतानाच उपटतो.

सागाचं वेड आमच्याकडं फार. मुरमाड रानात तो वाकडा वाढतो, वाकड्या सागाला भाव नसतो, वीस-पंचवीस वर्षं थांबावं लागतं आणि त्याची मोठी पानं रब्बीच्या पिकावर छत्री धरतात. मलबार नीम झपाट्यानं वाढतो पण त्याला पाणी लागतं, आणि खरेदीदार आधी ठरलेला नसेल तर लाकूड घेऊन फिरत बसावं लागतं. नीलगिरीची वरच्या थरातली मुळं पिकाचं पाणी ओढतात, आमच्या पावसात तर नकोच. बांबू चांगला, पण त्याच्या मुळांचं जाळं उथळ असतं, म्हणून तो नाल्याच्या कडेला किंवा पडीक कोपऱ्यात, पिकाच्या बांधावर नाही.

लहान रानाला मला लहान झाड पटतं. आपल्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. ते हलक्या मुरमाड जमिनीत तग धरतं आणि शेळ्या त्याचा पाला खात नाहीत. साडेतीन मीटरवर त्याची उंची रोखता येते. साडेतीन मीटरच्या झाडाची २१ डिसेंबरची दुपारची सावली फक्त सव्वातीन मीटर. कडुलिंबाची सव्वाआठ होती, आठवा. शेवग्याचा पाला विरळ, छाटणी सोसतो, वर्षा-दीड वर्षात शेंगा देतो. मोठा तोटा म्हणजे लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांद्या मोडतात. गिरिपुष्प चाऱ्यापेक्षा हिरव्या खताला चांगलं. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात आणि वर्षातून दोन-तीनदा कापून पाला रानात टाकता येतो. अर्थात तो नत्र पिकाला पाल्यातूनच मिळतो. झाड नुसतं शेजारी उभं राहिल्यानं फार काही मिळत नाही.

सावली नेहमीच शत्रू असते असंही नाही. हळदीच्या रानात एरंड लावतात आणि पानमळ्यात शेवरी, हादगा, पांगारा यांच्याच आधारानं आणि सावलीत वेल वाढतो, हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बायफ संस्थेच्या वाडीच्या पद्धतीतही एकरभर रानात फळझाडं, कडेनं जंगली झाडं आणि मधे पिकं अशीच मांडणी असते. तिथं मधलं पीक फळझाडाच्या वयाप्रमाणं बदलत जातं. झाडं लहान तोवर उन्हाचं पीक, मोठी झाली की सावली सोसणारं.

आम्ही गेल्या जुलैत काय लावलं ते सांगून थांबतो. पश्चिमेचा बांध उत्तर-दक्षिण आहे आणि पलीकडं गाडीवाट, म्हणजे सावलीवरून भांडायला कुणी नाही. तिथं दोन फुटी खड्ड्यांत सीताफळ, पाच मीटरवर एक, आणि मधे मधे शेवगा. काळ्या जमिनीत मार्चनंतर भेगा पडून कोवळ्या रोपांची मुळं उघडी पडतात, म्हणून बुडाशी सोयाबीनचं भुसकट अर्धा फूट जाड टाकलं आणि एप्रिल-मेमधे आठवड्याला एक घागर पाणी. चौदा सीताफळांपैकी अकरा जगली. मेलेल्या तीनपैकी दोन जागी पाणी तुंबत होतं, तिथं आता दुसरं काही लावायचं नाही. तिसऱ्या जागी तात्यांनी स्वतःच्या घरचं रोप आणून लावलंय.